ऐंशी मिनिटांत दोन मजकूर : स्पॅनिशच्या ‘देले’ परीक्षेतील लेखनाचे नियोजन

स्पॅनिश परभाषा म्हणून शिकलेल्या माणसाचे त्या भाषेवरील प्रभुत्व प्रमाणित करणारी जी परीक्षा जगभर घेतली जाते, तिला तिच्या स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून ‘देले’ म्हणतात. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने ही परीक्षा १९९१ साली स्थापन झालेली इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था चालवते. संस्थेचे दिल्लीतील केंद्र २००९ पासून काम करते आहे. परीक्षेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या असून त्यांपैकी बी-२ ही पायरी नोकरी आणि उच्च शिक्षण या दोन्ही कारणांसाठी अधिक मागितली जाते, कारण या पायरीवरचा माणूस परिचित विषयावर स्वतःचे मत मांडू शकतो आणि ते कारणांसह पटवून देऊ शकतो असे मानले जाते. प्रस्तुत लेख या बी-२ परीक्षेच्या केवळ लेखनविभागापुरता मर्यादित आहे आणि त्यातील निरीक्षणे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर राहून तयारी करणाऱ्या उमेदवारांना शिकवताना, त्यांच्या सरावाच्या वह्या तपासताना झालेली आहेत.

१९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात स्पॅनिश शिकणारे मोजकेच आहेत आणि त्यांची कारणे बहुधा पोटापाण्याची असतात. कोणी प्रवासी जहाजावरील नोकरीकडे डोळा ठेवून असतो, कोणी तारकर्ली-देवबाग परिसरात पाहुण्यांना समुद्राखाली नेण्याच्या व्यवसायात असतो, तर कोणी पुण्यातील परदेशी कंपन्यांच्या भाषाविषयक कामांसाठी प्रमाणपत्र मिळवू पाहतो. अशा उमेदवाराची बोलण्याची तयारी अनेकदा बरी असते, कारण परक्या माणसाशी बोलताना संकोच वाटू नये ही या व्यवसायांची पहिली अट असते. परंतु लेखनाच्या कागदापुढे तोच उमेदवार अडखळतो. त्याचे कारण शब्दसंग्रहाचा तुटवडा हे असल्याचा सर्वसाधारण समज आहे. वह्या तपासल्यावर मात्र असे दिसते की, जितके शब्द त्याला येतात तितक्यांतही उत्तीर्ण होण्याजोगा मजकूर तयार होऊ शकला असता, पण वेळ चुकीच्या जागी खर्च झाल्यामुळे तो झाला नाही.

लेखनविभागाची रचना प्रथम पाहणे आवश्यक आहे. वाचनाची ७० मिनिटे आणि श्रवणाची ४० मिनिटे झाल्यानंतर लेखनासाठी ८० मिनिटे मिळतात, म्हणजे उमेदवार या विभागाला भिडतो तेव्हा तो ताजातवाना नसतो. या ८० मिनिटांत दोन कामे करायची असतात. परीक्षेच्या परिभाषेत प्रत्येक कामाला ‘तारेआ’ म्हणतात आणि प्रत्येकी १५० ते १८० शब्दांचा मजकूर अपेक्षित असतो. पहिल्या कामात एखादी बातमी किंवा निवेदन दोनदा ऐकवले जाते आणि त्यातील माहितीच्या आधारे औपचारिक पत्र लिहायचे असते. दुसऱ्या कामात दोन पर्यायांपैकी एक निवडायचा असतो : एका पर्यायात आलेख किंवा तक्ता देऊन त्यावर भाष्य करणारा लेख मागितला जातो, दुसऱ्यात एखाद्या मजकुराच्या आधारे परीक्षण किंवा मतप्रदर्शन अपेक्षित असते. दोन्ही कामांत प्रश्नाखाली काही मुद्दे ओळीने दिलेले असतात आणि मजकुरात ते सर्व आले पाहिजेत, अशी स्पष्ट सूचना असते. हे मुद्दे सल्ल्यादाखल आहेत असे समजून जो उमेदवार त्यांतला एखादा गाळतो, त्याचे नुकसान त्याच्या व्याकरणाच्या चुकांनी होते त्याहून मोठे असते. त्याचा हिशेब पुढे मांडला आहे.

मूल्यमापन दोन प्रकारच्या पट्ट्यांनी होते. पहिली समग्र पट्टी : परीक्षक संपूर्ण मजकूर वाचून, दिलेले काम कितपत साधले आहे, याचा एकत्रित ठसा ० ते ३ या चार पायऱ्यांत नोंदवतो. दुसरी विश्लेषक पट्टी : त्याच मजकुराकडे चार स्वतंत्र निकषांवर पाहिले जाते आणि प्रत्येकावर पुन्हा ० ते ३ अशी पायरी दिली जाते. हे चार निकष म्हणजे औचित्य, सुसंगती, अचूकता आणि आवाका. औचित्य म्हणजे मजकूर मागितलेल्या प्रकारात, योग्य व्यक्तीला उद्देशून, योग्य अदबीने आणि सर्व मुद्दे घेऊन लिहिला आहे की नाही. सुसंगती म्हणजे विचार एकापुढे एक नीट गुंफले आहेत की नाही. अचूकता म्हणजे व्याकरण, वर्णलेखन आणि विरामचिन्हे. आणि आवाका म्हणजे शब्द व रचना यांचे वैविध्य. दोनची पायरी ही बी-२ पातळीवर अपेक्षित असलेली कामगिरी होय, तीनची पायरी त्याहून वरची आणि एकची त्याहून खालची. समग्र पट्टीला ४० टक्के आणि चारही निकषांना मिळून ६० टक्के वजन असते, तर दोन्ही कामांना सारखेच वजन दिले जाते. चुका मोजून गुण वजा करण्याची जी पद्धत आपल्याकडील शालेय परीक्षांमुळे अंगवळणी पडलेली आहे, तिचा येथे संबंध नाही. परीक्षक चुकांची बेरीज करत नाही, तर त्या चुकांमुळे अर्थ अडतो का हे पाहून पायरी ठरवतो.

या पद्धतीचा परिणाम आकड्यांत पाहिला तर वेळेचे गणित आपोआप सुटू लागते. लेखनाला एकूण २५ गुण आहेत आणि ते वाचनाच्या २५ गुणांशी जोडले जातात. या ५० पैकी किमान ३० मिळाले पाहिजेत, आणि श्रवण व संभाषण यांच्या दुसऱ्या ५० पैकीही तितकेच. पायऱ्यांचे गुणांत रूपांतर सरळ प्रमाणात धरल्यास, दोन्ही मजकुरांवर सर्वत्र दोनची पायरी मिळवणाऱ्या उमेदवाराला लेखनात १६.६७ गुण मिळतात आणि मग त्याला वाचनात १३.३३ गुण, म्हणजे ३६ पैकी २० प्रश्न बरोबर एवढेच लागतात. आता दुसरा उमेदवार घ्यावा, ज्याने पहिल्या पत्रावर जीव ओतून तेथे सर्वत्र तीनची पायरी मिळवली, पण दुसऱ्या मजकुराला वेळ न उरल्याने तेथे सर्वत्र एकवर समाधान मानले. त्याचेही गुण १६.६७ च भरतात. म्हणजे पहिल्या पत्रात बी-२ च्या वरची, अत्यंत कष्टसाध्य कामगिरी करूनही तो सामान्य उमेदवाराच्या पुढे गेलेला नसतो. आणि वस्तुस्थिती याहून वाईट असते, कारण पहिल्या पत्रावर जास्तीची वीस मिनिटे घालवल्याने दोनची पायरी तीनवर क्वचितच जाते. ती दोनवरच राहते आणि दुसरा मजकूर मात्र एकवर उतरतो. अशा वेळी लेखनाचे गुण १२.५ होतात आणि वाचनात १७.५, म्हणजे ३६ पैकी २६ प्रश्न बरोबर यावे लागतात. बी-२ च्या वाचनात २० वरून २६ वर जाणे ही थोडीथोडकी चढण नव्हे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, एका मजकुरात अचूकतेची पायरी एकाने घसरली तर एकूण २५ पैकी सुमारे ०.६ गुण जातात. समग्र पट्टीची पायरी एकाने घसरली तर सुमारे १.७ गुण जातात. एखादा दिलेला मुद्दा गाळल्यास औचित्य आणि समग्र ठसा हे दोन्ही एकदम घसरण्याची शक्यता असते, म्हणून तो प्रमाद अनेक स्वरचिन्हे चुकण्यापेक्षा महाग पडतो. उमेदवारांचा कल मात्र नेमका उलट असतो. क्रियापदाचे रूप बरोबर की चूक यावर ते पाच मिनिटे अडून बसतात आणि प्रश्नाखालचे मुद्दे पुन्हा एकदा वाचायला अर्धे मिनिटही देत नाहीत.

या सर्वांतून वेळेच्या वाटपाचे जे तत्त्व हाती येते ते असे : औचित्य आणि सुसंगती हे निकष लिहिण्यापूर्वीच्या आखणीत मिळतात, अचूकता लिहिल्यानंतरच्या तपासणीत मिळते, आणि आवाका परीक्षेच्या दिवशी मिळत नाही, तो आधीच्या महिन्यांत मिळवलेला असावा लागतो. प्रत्यक्ष लेखनाची वेळ वाढवून यांपैकी कोणताच निकष लक्षणीय सुधारत नाही. त्यामुळे ८० मिनिटांची विभागणी साधारणपणे अशी करावी असे अनुभवास आले आहे : पहिल्या कामासाठी ध्वनिमुद्रण धरून ४० मिनिटे, त्यांत ऐकणे आणि टिपणे यांची सुमारे पाच, आखणीची सात, लेखनाची वीस आणि तपासणीची आठ, दुसऱ्या कामासाठी पर्याय निवडण्याची दोन, आखणीची आठ, लेखनाची वीस आणि तपासणीची आठ, म्हणजे ३८, उरलेली दोन मिनिटे हातची. चाळिसाव्या मिनिटाला पहिले पत्र ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत बाजूला ठेवावे हा यातला एकच नियम कडक आहे, बाकीचे आकडे दोन-तीन मिनिटांनी मागेपुढे झाले तरी बिघडत नाही.

पहिल्या कामाचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण किनाऱ्यावरचा उमेदवार जेथे सर्वाधिक घसरतो ते हेच. सरावासाठी तयार केलेल्या एका प्रश्नात असे निवेदन ऐकवले जाते : समुद्रकाठच्या एका गावाच्या नगरपालिकेने १ जुलैपासून किनाऱ्यालगतच्या २०० मीटर पट्ट्यात यांत्रिक होड्यांना बंदी घालण्याचे ठरवले आहे, पाण्याखालील जीवसृष्टीचे रक्षण आणि पोहणाऱ्यांची सुरक्षितता ही त्याची कारणे दिली आहेत, सुमारे तीस लोकांच्या रोजगारावर याचा परिणाम होईल असे होडीवाल्यांच्या संघटनेचे म्हणणे आहे, आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नागरिकांनी लेखी सूचना पाठवाव्यात असे आवाहन आहे. उमेदवाराने नगराध्यक्षांना पत्र लिहायचे असून त्यात स्वतःचा परिचय देणे, पत्राचे कारण सांगणे, निर्णयाविषयी मत देऊन ते सकारण मांडणे, आणि एक पर्यायी उपाय सुचवणे हे मुद्दे आणायचे आहेत.

हा विषय मालवणच्या उमेदवाराच्या घरचाच आहे. १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य, किल्ल्याभोवतीच्या पाण्यातले प्रवाळ, हंगामात होणारी होड्यांची गर्दी, पर्ससीन जाळ्यांवरून चाललेला वाद हे सारे त्याला तोंडपाठ असते. आणि येथेच सापळा आहे. त्याच्या वहीतील पत्र मालवणच्या समुद्राची माहिती देऊ लागते, पारंपरिक मच्छीमारांचे दुःख सांगू लागते, आणि ध्वनिमुद्रणात सांगितलेली २०० मीटरची मर्यादा, १ जुलै ही तारीख किंवा पोहणाऱ्यांची सुरक्षितता यांपैकी एकही गोष्ट त्यात सापडत नाही. परीक्षकाला पत्रातील ज्ञान तपासायचे नसते. ऐकलेली माहिती उमेदवाराने वापरली का आणि ती आपल्या मताशी जोडली का, हे तपासायचे असते. विषय अपरिचित असतो तेव्हा उमेदवार निमूटपणे ऐकलेल्या माहितीचा आधार घेतो. परिचित असतो तेव्हा ती सोडून देतो. त्यामुळे ओळखीचा विषय आला की अधिक सावध व्हावे, हे शिकवताना वारंवार सांगावे लागते.

ऐकताना टिपणे घेण्याची पद्धतही शिकवावी लागते, कारण बहुतेक उमेदवार पहिल्या वेळी आकडे लिहून घेण्यात गुंततात आणि कारणे निसटतात. आकडे दुसऱ्या वेळीही पकडता येतात, परंतु कोणी, काय आणि कशासाठी हा सांगाडा पहिल्याच वेळी डोक्यात बसला नाही तर दुसरे ऐकणेही विस्कळीत होते. म्हणून पहिल्या वेळी फक्त तीन शब्द लिहावेत : करणारा, कृती, कारण. तारखा, अंतरे, संख्या आणि विरोधकांचे म्हणणे दुसऱ्या वेळी भरावे. वर दिलेल्या उदाहरणात पहिल्या ऐकण्यानंतर कागदावर ‘नगरपालिका – होड्या बंद – जीवसृष्टी, पोहणारे’ एवढेच असले तरी पुरेसे आहे. ही टिपणे मराठीत घेतली तरी चालतात, पण जे शब्द पत्रात वापरायचे आहेत ते ऐकले तसेच स्पॅनिशमध्ये उतरवावेत, अन्यथा लिहिताना ते पुन्हा शोधावे लागतात. घरी सराव करणारे बहुधा कानात यंत्र घालून ऐकतात, तर परीक्षागृहात आवाज खोलीतील ध्वनिक्षेपकातून येतो. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळत असताना खोलीतल्या साध्या ध्वनिक्षेपकावर सराव करणे हा त्यावरचा खडतर पण उपयुक्त उपाय ठरतो.

आखणीच्या सात मिनिटांत प्रत्येक परिच्छेदाची शब्दसंख्या ठरवून घ्यावी. या पत्रासाठी मायना ५, परिचय आणि कारण ३०, निर्णयाचा थोडक्यात उल्लेख ४०, मत आणि त्याची कारणे ५०, पर्यायी सूचना ३०, समारोप १५ अशी वाटणी केली की बेरीज १७० होते आणि ती १५० ते १८० च्या मर्यादेत बसते. परीक्षागृहात एकेक शब्द मोजत बसणे परवडत नाही, म्हणून आपल्या हस्ताक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द मावतात हे सरावाच्या काळातच मोजून ठेवावे. ओळीला नऊ शब्द मावत असतील तर एकोणीस ओळींचे पत्र पुरे होते. मर्यादेच्या फार पलीकडे गेलेला मजकूर उमेदवाराला उदार वाटतो, पण त्यातील प्रत्येक जादा वाक्य चुकीला नवी जागा देते आणि तपासणीचा वेळ खाते.

पत्रातील पहिले वाक्य औचित्याची निम्मी लढाई जिंकून देते. ‘मे दिरीखो आ उस्तेद पारा एस्प्रेसार मी देसाकुएर्दो’, म्हणजे ‘आपल्या निर्णयाशी असहमती नोंदवण्यासाठी मी आपणांस लिहीत आहे’, अशा अर्थाचा साचा पाठ असावा. समोरच्याला ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ म्हणायचे एकदा ठरले की, शेवटपर्यंत तेच संबोधन टिकवावे लागते. मध्येच ‘तू’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप डोकावले तर परीक्षकाला ते लगेच दिसते. मायन्यात ‘एस्तिमादा सेन्योरा आल्काल्देसा’ असे लिहिल्यावर स्पॅनिश पद्धतीनुसार अपूर्णविराम द्यायचा असतो, स्वल्पविराम नव्हे. हे बारकावे संख्येने थोडे असल्यामुळे त्यांना पाठांतरच योग्य आहे.

मत मांडण्याच्या परिच्छेदात मात्र पाठांतर तोकडे पडते. ‘बंदी हा उत्तम उपाय आहे असे मला वाटत नाही’ या वाक्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचे संभाव्यार्थी रूप लागते : ‘नो क्रेओ के ला प्रोइबिसिओन सेआ ला मेखोर सोलुसिओन’. ‘होड्यांची संख्या मर्यादित करावी असे मी सुचवतो’ या वाक्यातही तेच : ‘प्रोपोंगो के से लिमिते एल नूमेरो दे बार्कास’. या रूपांचा धसका घेऊन बरेच उमेदवार साधी वाक्ये लिहितात. वस्तुतः सुचवणे, इच्छिणे, अपेक्षा करणे यांसाठी मराठीत ‘करावी’, ‘यावे’, ‘द्यावे’ अशी विध्यर्थी रूपे आहेतच, आणि ज्या वाक्यात मराठीत ‘-वे’ लागते त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी स्पॅनिशचे संभाव्यार्थी रूपही लागते. मनातल्या मनात वाक्य इंग्रजीत बांधून मग स्पॅनिशमध्ये नेणारा उमेदवार हा आधार गमावतो. अर्थात हे साम्य अर्धेच आहे : ‘वाटत नाही’ या नकारानंतर मराठीत साधे रूप चालते, स्पॅनिशमध्ये चालत नाही. तेवढा अपवाद वेगळा लक्षात ठेवावा लागतो. आवाक्याच्या निकषावर दोनची पायरी मिळण्यासाठी अशा दोन-तीन रचना बिनचूक आल्या तरी भरपूर झाले. प्रत्येक वाक्य सजवण्याचा सोस अचूकतेला महाग पडतो.

सुसंगतीविषयी एक गैरसमज येथे नोंदवायला हवा. ‘तथापि’, ‘एकीकडे-दुसरीकडे’, ‘शिवाय’, ‘म्हणून’ या अर्थाच्या जोडशब्दांची यादी पाठ करून ते दर वाक्याच्या आरंभी पेरले की सुसंगती येते असे शिकवणीवर्गांतही सांगितले जाते. सुसंगती वाक्यांच्या अर्थात असावी लागते. ‘सिन एम्बार्गो’, म्हणजे ‘तथापि’, लिहिले आणि पुढचे वाक्य आधीच्याला विरोध करतच नसले, तर जोडशब्द नसण्यापेक्षा ते वाईट दिसते, कारण परीक्षकाला क्षणभर थांबून मागे जावे लागते. वर दिलेल्या पत्रात दोनच वळणे आहेत : ‘हेतू मान्य आहे, परंतु उपाय मान्य नाही’ आणि ‘म्हणून मी दुसरा उपाय सुचवतो’. त्या दोन जागी जोडशब्द नेमके असले की उरलेल्या मजकुराला फारसे काही लागत नाही.

दुसऱ्या कामाविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. पर्याय निवडताना विषय आवडतो का हे पाहू नये, दिलेल्या मुद्द्यांपैकी प्रत्येकावर एक वाक्य लगेच सुचते का हे पाहावे. ज्या पर्यायात एखाद्या मुद्द्यावर पेन थबकते तो सोडावा, आणि एकदा निवडल्यावर बदलू नये. आलेखाचा पर्याय घेतल्यास त्यातील सगळे आकडे वाचून दाखवण्याचा मोह होतो आणि लेख जमाखर्चाच्या वहीसारखा दिसू लागतो. सर्वांत मोठा आकडा, सर्वांत ठळक फरक आणि एखादी अनपेक्षित बाब एवढी तीन निरीक्षणे घेऊन प्रत्येकाची तुलना करावी आणि शेवटी मत द्यावे. समजा, किनाऱ्यावरील पाहुण्यांचे महिनावार प्रमाण दाखवणारा आलेख आला, तर ‘निम्म्याहून अधिक’, ‘एक तृतीयांश’, ‘तर दुसरीकडे’ या अर्थाच्या पाचसहा शब्दप्रयोगांवर पूर्ण लेख उभा राहतो. परीक्षणाच्या पर्यायात मात्र चव, गुण, दोष यांसाठी विशेषणांचा साठा लागतो, म्हणून ज्याचा आवाका कमी आहे त्याने शक्यतो आलेखाकडे वळावे असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. याउलट सल्ला देणारे शिक्षकही आहेत आणि ज्यांचे उमेदवार कथाकथनात सराईत असतात, त्यांच्याबाबतीत ते चूक नाहीत.

तपासणीच्या आठ मिनिटांचे मोल सर्वांना तत्त्वतः मान्य असते, पण ती कशी करावी हे क्वचितच सांगितले जाते. मजकूर वरपासून खालपर्यंत एकदा वाचून जाणे म्हणजे तपासणी नव्हे. स्वतःचा मजकूर वाचताना डोळा चूक ओलांडून अर्थाकडे धावतो. त्याऐवजी तीन वेगळ्या फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत फक्त प्रश्नाखालचे मुद्दे एकेक करून मजकुरात कोठे आले आहेत ते बोट ठेवून पाहावे. दुसऱ्या फेरीत केवळ क्रियापदे पाहावीत : कर्ता कोण, काळ कोणता, प्रत्यय जुळतो का. तिसऱ्या फेरीत नामे आणि त्यांच्या आधीची उपपदे पाहावीत. मराठी भाषकासाठी ही तिसरी फेरी विशेष लाभदायक ठरते, कारण मराठीत उपपद हा प्रकारच नसल्याने ‘पर्यटन महत्त्वाचे आहे’ असे म्हणताना ‘एल तुरीस्मो’ यातील ‘एल’ हमखास गळते. ‘प्रोब्लेमा’ हा शब्द ‘आ’कारान्त असूनही पुल्लिंगी आहे, हे ठाऊक असलेला उमेदवारही घाईत त्याला स्त्रीलिंगी उपपद लावून मोकळा होतो. स्वरचिन्हे शेवटी पाहावीत, पण क्रियापदांवरची आधी, कारण ‘त्राबाखो’ या शब्दातील शेवटच्या स्वरावर चिन्ह असले तर ‘त्याने काम केले’ आणि नसले तर ‘मी काम करतो’ असा अर्थ होतो.

आता सरावाच्या काळात उमेदवार नेमका कोणत्या निकषावर कमी पडतो हे ओळखायचे कसे, हा शिक्षकापुढचा खरा प्रश्न राहतो. ‘लेखन कच्चे आहे’ हा शेरा निरुपयोगी आहे. औचित्य तपासण्यासाठी प्रश्न झाकून ठेवून पत्र दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावे आणि हे कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले असावे, असे विचारावे. उत्तर चुकले तर दोष औचित्याचा आहे. सुसंगती तपासण्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचावे. त्यातून पत्राचा ओघ कळला नाही, तर आखणी न करताच लेखन झालेले असते. आवाक्यासाठी एकाच मजकुरात ‘महत्त्वाचे’, ‘चांगले’, ‘आहे’ या अर्थाचे शब्द किती वेळा आले ते अधोरेखित करावे. अचूकतेसाठी प्रत्येक उमेदवाराने स्वतःच्या चुकांची यादी ठेवावी. काही आठवड्यांतच असे दिसते की, चुका पुष्कळ असल्या तरी त्यांचे प्रकार चार-पाचच आहेत आणि तेच पुन्हापुन्हा येतात. परीक्षेच्या दिवशी तपासणीची दुसरी आणि तिसरी फेरी या यादीवरूनच करायची असते. परीक्षक प्रत्येकाच्या मजकुराला एकच पट्टी लावत असला, तरी तपासणीची यादी प्रत्येकाची वेगळी असते.

ही चाचणी वेळ न लावता लिहिलेल्या आणि वेळ लावून लिहिलेल्या अशा दोन मजकुरांवर केली तर आणखी एक गोष्ट उघड होते. वेळ न लावलेल्या मजकुरातही आवाका तोकडा असेल तर त्याला वेळेच्या नियोजनाने काही साधणार नाही. त्याने परीक्षेची तारीख पुढे ढकलून वाचन वाढवावे हेच बरे. परंतु वेळ न लावता मजकूर उत्तम आणि घड्याळ लावल्यावर विस्कळीत होत असेल, तर अडचण भाषेची नाही, आणि ती दूर व्हायला काही आठवड्यांचा नेमका सराव पुरतो. या दुसऱ्या गटातल्या उमेदवारांना अधिक व्याकरण शिकवणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे होय.

परीक्षेच्या केंद्रासाठी सिंधुदुर्गातून मोठ्या शहरात जावे लागते, आणि कुडाळ किंवा कणकवलीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट परीक्षागृहात शिरणाऱ्या उमेदवाराची तिसऱ्या विभागापर्यंत, म्हणजे नेमकी लेखनापर्यंत, उमेद संपते. म्हणून आदल्या दिवशी पोहोचणे हाही वेळेच्या नियोजनाचाच भाग समजावा. परीक्षागृहात पंचाहत्तरावे मिनिट उलटले आणि दुसऱ्या मजकुराचा शेवटचा मुद्दा राहिला असेल, तर तपासणी सोडून तो मुद्दा दोन वाक्यांत लिहावा. देलेचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की त्याची मुदत कधी संपत नाही, पण वाचन-लेखनाच्या गटात ३० ला थोडेसे कमी पडले तर दुसऱ्या गटातील गुण कितीही असोत, पुढच्या खेपेस चारही विभागांची परीक्षा नव्याने द्यावी लागते.